षट्कोनी स्फटिकातली प्रतलं: निर्देशांक कसे काढायचे आणि दोन प्रतलांमधलं अंतर कसं मोजायचं

घनाकृती स्फटिकात मिलर निर्देशांक जमायला लागले की बहुतेकांना वाटतं, आता हेच सगळीकडे चालेल. षट्कोनी स्फटिक समोर आला की पहिल्याच गणितात गडबड होते. (1 1 0) आणि (1 -1 0) ही प्रतलं एकाच घराण्यातली दिसतात, पण ती नसतात. उलट (1 0 0) आणि (1 -1 0) वेगळी वाटतात आणि ती मात्र सख्खी भावंडं निघतात. हे असं का होतं ते एकदा नीट कळलं, तर चौथा निर्देशांक कशासाठी असतो आणि अंतराच्या सूत्रात hk हे पद कुठून येतं, या दोन्ही गोष्टी आपोआप उलगडतात. म्हणून या लेखात एकच धातू घेऊ, मॅग्नेशियम, आणि अक्ष मांडण्यापासून क्ष-किरणांच्या आलेखापर्यंत त्याच्याच सोबत जाऊ.

पुढच्या सगळ्या गणितात मॅग्नेशियमसाठी a = 3.209 अँगस्ट्रॉम आणि c = 5.211 अँगस्ट्रॉम हे खोलीच्या तापमानाचे आकडे वापरले आहेत. एक अँगस्ट्रॉम म्हणजे 0.1 नॅनोमीटर.

आधी अक्ष मांडून घ्या

कागदावर एक नियमित षट्कोन काढा. त्याच्या मध्यापासून एका कोपऱ्याकडे a1 हा अक्ष काढा. तिथून घड्याळाच्या उलट दिशेने 120 अंश वळून a2, आणि आणखी 120 अंश वळून a3 काढा. तिघांची लांबी सारखीच, म्हणजे a. चौथा अक्ष c कागदाला लंब, तुमच्या डोळ्यांकडे येणारा.

युनिट सेल पूर्ण ठरवायला खरं तर a1, a2 आणि c एवढे तीनच अक्ष पुरतात. a3 हा पाहुणा आहे, कारण a1 आणि a2 यांची बेरीज करून दिशा उलटवली की a3 मिळतो:

```
a3 = -(a1 + a2)
```

मग तो घ्यायचाच कशाला? षट्कोनी स्फटिक c अक्षाभोवती 120 अंशांनी फिरवला तर या सममितीमुळे त्याचे निर्देशांक बदलता कामा नयेत, निदान ओळखीचे तरी राहायला हवेत. a1 आणि a2 असे दोनच अक्ष धरले तर तीन सारख्या दिशांपैकी एकीला नावच मिळत नाही, आणि त्या दिशेशी जोडलेल्या प्रतलांचे आकडे परके दिसू लागतात. तिसरा अक्ष हा अन्याय दूर करतो. चार आकड्यांच्या या पद्धतीला मिलर-ब्राव्हे निर्देशांक म्हणतात, आणि ते (h k i l) असे लिहितात. छापील पुस्तकात ऋण आकड्याच्या डोक्यावर आडवी रेघ असते. इथे मी साधं वजाचं चिन्ह वापरतो आहे.

a3 हा a1 आणि a2 यांच्यावर अवलंबून असल्यामुळे i हा आकडाही स्वतंत्र नसतो:

```
i = -(h + k)
```

हाच तुमचा पहिला तपासणी-नियम. चार निर्देशांकांपैकी पहिल्या तिघांची बेरीज शून्य आली नाही, तर कुठेतरी चूक आहे. पुढे जाऊ नका.

निर्देशांक काढण्याच्या पायऱ्या

समजा, मॅग्नेशियमच्या स्फटिकातलं एक प्रतल a1 अक्षाला 6.418 अँगस्ट्रॉमवर छेदतं, a2 लाही 6.418 वर, आणि c ला 5.211 वर.

पहिली पायरी: प्रत्येक छेद त्या त्या अक्षाच्या एककात मोजा. a1 आणि a2 वरच्या छेदांना a ने भागायचं, c वरच्या छेदाला c ने. नवशिका विद्यार्थी इथेच घसरतो. तो सगळ्यांना a ने भागतो, कारण घनाकृती स्फटिकात तेच चालत होतं. इथे 6.418 / 3.209 = 2, पुन्हा 2, आणि 5.211 / 5.211 = 1. म्हणजे छेद 2, 2, 1.

दुसरी पायरी: व्यस्त घ्या. 1/2, 1/2, 1.

तिसरी पायरी: अपूर्णांकांचे छेद उडवा. 2 ने गुणलं की 1, 1, 2. म्हणजे तीन आकड्यांत (1 1 2).

चौथी पायरी: i काढा. -(1 + 1) = -2. प्रतलाचे निर्देशांक (1 1 -2 2).

आता हा -2 नुसता सूत्रातून आलेला आकडा नाही, तो चित्रातही दिसायला हवा. दुसऱ्या पायरीतल्या व्यस्तांची बेरीज 1/2 + 1/2 = 1, म्हणून a3 साठीचं व्यस्त -1, आणि a3 वरचा छेद -1. याचा अर्थ प्रतल a3 अक्षाला त्याच्या मागच्या बाजूला, केंद्रापासून a एवढ्या अंतरावर छेदतं. कागदावर a1 वर 2a आणि a2 वर 2a असे बिंदू घेऊन रेघ जोडा. ती रेघ a3 च्या मागच्या टोकाकडून बरोबर a अंतरावर जाते. एकदा हे पट्टीने मोजून बघा. त्यानंतर i पाठ करावा लागत नाही.

प्रतल एखाद्या अक्षाला समांतर असेल तर त्यावरचा छेद अनंत, आणि त्याचं व्यस्त शून्य. उदाहरणार्थ, a1 ला 1 वर छेदणारं आणि a2, c या दोघांना समांतर असलेलं प्रतल (1 0 0), म्हणजेच (1 0 -1 0). षट्कोनी प्रिझमची ही उभी भिंत. प्रतल अक्षांच्या मूळबिंदूतूनच जात असेल तर छेद शून्य येतो आणि व्यस्त घेता येत नाही. तेव्हा मूळबिंदू शेजारच्या जालकबिंदूवर सरकवायचा, किंवा त्या प्रतलाला समांतर असलेलं शेजारचं प्रतल घ्यायचं.

सहा भिंती आणि एक तोतया

प्रिझमला सहा उभ्या भिंती असतात आणि त्या सगळ्या सारख्या असतात. त्यांचे निर्देशांक शेजारी शेजारी लिहून बघू. डावीकडे तीन आकड्यांत, उजवीकडे चार आकड्यांत:

```
( 1  0 0)    ( 1  0 -1 0)
( 0  1 0)    ( 0  1 -1 0)
(-1  1 0)    (-1  1  0 0)
(-1  0 0)    (-1  0  1 0)
( 0 -1 0)    ( 0 -1  1 0)
( 1 -1 0)    ( 1 -1  0 0)
```

डावा रकाना पाहून ही एका घराण्यातली सहा प्रतलं आहेत असं कुणी सांगणार नाही. काहींत एकच आकडा आहे, काहींत दोन. उजवा रकाना पाहिला की ते लगेच दिसतं: पहिल्या तीन जागांवर 1, 0 आणि -1 हेच तीन आकडे जागा बदलत फिरतात.

आता (1 1 0) घ्या. चार आकड्यांत ते (1 1 -2 0) होतं. त्यात -2 आहे, म्हणजे ते वरच्या यादीत बसणं शक्यच नाही. ते प्रिझमच्या कडेवरून जाणारं, भिंतींशी 30 अंशांनी कललेलं वेगळं प्रतल आहे, आणि थोड्या वेळात दिसेल की त्याचं अंतरही खूप वेगळं आहे.

अदलाबदल फक्त पहिल्या तीन आकड्यांची करायची. चौथा, l, हा c अक्षाचा. तो आपल्या जागेवरून हलत नाही. त्याचं फक्त चिन्ह बदलता येतं. चारही आकडे फिरवणारे विद्यार्थी (1 0 -1 0) पासून (1 0 0 -1) असं काहीतरी तयार करतात. पहिल्या तिघांची बेरीज तिथे 1 येते, म्हणजे ते प्रतल अस्तित्वातच नाही.

अंतराचं सूत्र, आणि ते कुठून येतं

एकमेकांना समांतर असलेल्या शेजारच्या दोन प्रतलांमधलं लंब अंतर म्हणजे d. षट्कोनी स्फटिकासाठी:

```
1/d² = (4/3)·(h² + hk + k²)/a² + l²/c²
```

सूत्रात i दिसत नाही, म्हणून अनेकांना वाटतं की चौथा आकडा निव्वळ सजावट आहे. तसं नाही. h² + k² + i² काढून बघा. i = -(h + k) ठेवलं की ते 2(h² + hk + k²) येतं. म्हणजे हेच सूत्र असंही लिहिता येतं:

```
1/d² = (2/3)·(h² + k² + i²)/a² + l²/c²
```

या रूपात h, k, i यांची अदलाबदल केली तरी d बदलत नाही हे डोळ्यांनाच दिसतं. hk हे पद म्हणजे लपलेला i. मला स्वतःला हे दुसरं रूप जास्त आवडतं, कारण त्यात चिन्हाची चूक होत नाही. वर्गात मात्र पहिलंच रूढ आहे.

4/3 कुठून आला? युनिट सेलचा तळ हा a बाजूचा समभुज चौकोन, त्याचे कोन 120 आणि 60 अंश. (1 0 -1 0) प्रतलं या चौकोनाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंवरून उभी जातात. त्या बाजूंमधलं अंतर a नसतं, ते a × sin 60°, म्हणजे 0.866a असतं. त्याचा वर्ग (3/4)a², आणि व्यस्त घेतलं की 4/(3a²). चौरस तळाच्या सवयीने d(100) = a लिहिणं ही इथली सर्वात नेहमीची चूक.

hk साठी थोडी वेगळी युक्ती. प्रत्येक प्रतलसंचासाठी त्याच्या लंब दिशेने 1/d लांबीचा एक बाण काढा. (1 0 0) चा बाण a2 ला लंब, (0 1 0) चा बाण a1 ला लंब. a1 आणि a2 मध्ये 120 अंश आहेत, तर या दोन बाणांमध्ये 60 अंश उरतात. (h k 0) चा बाण म्हणजे पहिल्या बाणाचे h भाग आणि दुसऱ्याचे k भाग यांची बेरीज. 60 अंशांतल्या दोन बाणांच्या बेरजेचा वर्ग करताना 2hk cos 60° हे पद येतं, आणि cos 60° अर्धा असल्याने उरतं hk. c अक्ष तळाला लंब असल्यामुळे l चं पद मात्र पायथागोरसप्रमाणे सरळ मिळवलं जातं, मिश्र पद काही येत नाही.

मॅग्नेशियमवर सूत्र चालवून बघू

दोन आकडे आधीच काढून ठेवा, मग प्रत्येक प्रतल एका ओळीत सुटतं:

```
4/(3a²) = 4/(3 × 10.298) = 0.12948
1/c²    = 1/27.155       = 0.03683
```

आता (1 0 -1 1) घेऊ. h² + hk + k² = 1, l² = 1. बेरीज 0.12948 + 0.03683 = 0.16631. व्यस्त 6.013, वर्गमूळ 2.452. म्हणजे d = 2.452 अँगस्ट्रॉम.

मघाच्या (1 1 -2 2) साठी h² + hk + k² = 3 आणि l² = 4. बेरीज 0.38844 + 0.14730 = 0.53574, आणि d = 1.366.

आता तोतया तपासू. (1 0 -1 0) साठी 1/d² = 0.12948, d = 2.779. (1 -1 0 0) साठी h² + hk + k² = 1 - 1 + 1 = 1, म्हणून तेच 2.779. (1 1 -2 0) साठी मात्र 3 येतात आणि d = 1.604, म्हणजे बरोबर a चा अर्धा. इथे hk चं चिन्ह विसरलं तर (1 -1 0) ला 3 मिळतात आणि उत्तर जवळजवळ निम्म्यावर येतं. उत्तर असं 1.73 पटीने चुकलं असेल तर दुसरं काही शोधण्याआधी hk चं चिन्ह बघा.

खूप प्रतलं काढायची असतील तर पायथनच्या दोन ओळी पुरतात:

```python
from math import sqrt

def d_hex(h, k, l, a, c):
    return 1 / sqrt(4/3*(h*h + h*k + k*k)/a**2 + (l/c)**2)

print(d_hex(1, 0, 1, 3.209, 5.211))   # 2.452...
```

उलटा प्रवास: आलेखावरून a आणि c

प्रयोगशाळेत काम उलट्या बाजूने सुरू होतं. क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात कोन मिळतात, ब्रॅगच्या नियमाने d मिळतो, आणि त्यावरून a, c काढायचे असतात. तांब्याच्या Kα1 किरणांची तरंगलांबी 1.5406 अँगस्ट्रॉम, म्हणून

```
d = 0.7703 / sin θ
```

मॅग्नेशियमच्या भुकटीत पहिली तीन शिखरं 2θ = 32.18, 34.39 आणि 36.62 अंशांवर येतात. आलेखावर 2θ असतो आणि सूत्रात θ, तेव्हा आधी अर्धा करायला विसरू नका. d येतात 2.779, 2.606 आणि 2.452.

पहिलं शिखर (1 0 -1 0) चं मानलं तर a = 2d/√3 = 1.1547 × 2.779 = 3.209. दुसरं (0 0 0 2) चं मानलं तर c = 2 × 2.606 = 5.21. आता तिसऱ्या शिखराची परीक्षा घ्या. या a आणि c वरून (1 0 -1 1) चा d 2.452 येतो, आणि मोजलेलाही तेवढाच आहे. जुळलं.

पण पहिलं शिखर (0 0 0 2) चं नाही कशावरून? अदलाबदल करून बघू. मग a = 3.009, c = 5.559 येतात. यावरून (1 0 -1 1) चं शिखर 38.1 अंशांच्या आसपास यायला हवं. ते आहे 36.62 वर, दीड अंश अलीकडे. एवढा फरक कोणतंही बरं यंत्र लपवू शकत नाही, म्हणून ही मांडणी बाद. दोन शिखरांवरून a आणि c नेहमीच निघतात, चुकीच्या नावांवरूनसुद्धा. खरं-खोटं ठरतं ते तिसऱ्या शिखरावर.

यातला क्रम धातूप्रमाणे बदलतो. (0 0 0 2) चा d म्हणजे c/2, आणि (1 0 -1 0) चा a√3/2. म्हणजे c/a हे 1.732 पेक्षा कमी असेल तर (1 0 -1 0) चं शिखर आधी येतं, जास्त असेल तर (0 0 0 2) चं. मॅग्नेशियमचं हे गुणोत्तर 1.624, म्हणून तिथे प्रिझमची भिंत आधी. जस्ताचं 1.856 आहे, आणि जस्ताच्या आलेखात (0 0 0 2) सुमारे 36.3 अंशांवर आधी येतं, (1 0 -1 0) 39.0 वर नंतर. मॅग्नेशियमची यादी पाठ करून जस्ताला लावली की फसलात.

अचूकतेबद्दल एक हिशेब. 2θ मध्ये 0.05 अंशाची चूक झाली, आणि नमुन्याचा पृष्ठभाग किंचित वर-खाली बसला तरी एवढी सहज होते, तर 32 अंशांच्या शिखरावर d मध्ये साधारण 0.15 टक्के फरक पडतो. a मध्ये तो 0.005 अँगस्ट्रॉम भरतो. तेवढ्या एका शिखरावरून a चा तिसरा दशांश छातीठोकपणे लिहिण्यात अर्थ नाही. तीच कोनाची चूक (1 1 -2 2) च्या शिखरावर, 68.6 अंशांजवळ, निम्म्याहून कमी फरक करते. म्हणून शेवटचे a, c मोठ्या कोनांच्या शिखरांवरून काढावेत.

सूत्र अंतर सांगतं, शिखर असेलच असं नाही

वर (0 0 0 2) लिहिलं, (0 0 0 1) का नाही? स्फटिकाच्या पैलूला नाव देताना समान भाजक काढून टाकतात आणि (0 0 0 1) लिहितात. विवर्तनात मात्र 2 तसाच ठेवतात, कारण तिथे आकडा अंतरही सांगत असतो. (0 0 0 1) चा d 5.211 असतो, पण मॅग्नेशियमच्या दाट षट्कोनी रचनेत त्या अंतराच्या बरोबर मध्ये अणूंचा आणखी एक थर आहे. त्याच्यावरून परतणारी लाट पहिल्या थराच्या लाटेच्या नेमकी उलट असते, दोन्ही एकमेकींना खातात, आणि शिखर नाहीसं होतं.

या रचनेसाठी नियम असा: h + 2k ला 3 ने पूर्ण भाग जात असेल आणि l विषम असेल, तर शिखर येत नाही. उदाहरण म्हणून (1 1 -2 1) घ्या. सूत्र d = 1.533 देतं, म्हणजे शिखर 60.3 अंशांवर दिसायला हवं. h + 2k = 3, l = 1, म्हणून तिथे सपाट रेघच असते. शेजारी 57.4 वर (1 1 -2 0) आणि 63.1 वर (1 0 -1 3) मात्र असतात. हा नियम दाट षट्कोनी रचनेचा आहे, षट्कोनी जालकाचा नव्हे. अणूंची मांडणी वेगळी असलेल्या दुसऱ्या षट्कोनी पदार्थाला तो जसाच्या तसा लावू नका. d चं सूत्र मात्र सगळ्यांना चालतं.

एक सावधगिरी दिशांबाबत. प्रतलात i मध्ये घातला किंवा गाळला की काम झालं. चौकोनी कंसातल्या दिशांना हे चालत नाही. तीन आकड्यांतली [1 0 0] ही दिशा चार आकड्यांत [1 0 -1 0] होत नाही, ती [2 -1 -1 0] होते. तीन आकड्यांतली दिशा [U V W] आणि चार आकड्यांतली [u v t w] धरली तर रूपांतर असं करायचं, आणि मग अपूर्णांकांचा छेद उडवायचा:

```
u = (2U - V)/3
v = (2V - U)/3
t = -(u + v)
w = W
```

[1 0 0] साठी u = 2/3, v = -1/3, t = -1/3. तीनने गुणलं की [2 -1 -1 0]. हीच a1 अक्षाची दिशा. कागदावरच्या षट्कोनात ती मध्यापासून सरळ एका कोपऱ्याकडे जाते, तर [1 0 -1 0] ही तिच्याशी 30 अंश करून एका बाजूच्या मध्यबिंदूकडे.